ऐकणाऱ्यासाठी स्लाइड

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरावर सहा स्लाइडांचे एक सादरीकरण तयार आहे, अशी कल्पना करावी. पहिल्या स्लाइडवर शीर्षक आणि दैत्यसूदन मंदिराचे छायाचित्र, दुसऱ्यावर जिल्ह्याचा नकाशा, तिसऱ्यावर आकाशातून घेतलेले सरोवराचे छायाचित्र, चौथ्यावर विवराचा उभा छेद, पाचव्यावर हिरव्या आणि गुलाबी पाण्याची दोन छायाचित्रे आणि शेवटी फुलांच्या नक्षीसह आभार. शाळेत, मंडळात हे सादरीकरण अनेकदा दाखवून झाले आहे. आता ते दृष्टिबाधित विद्यार्थ्यांच्या एका गटासमोर मांडायचे आहे. त्यांच्यापैकी काही जण फाइल आधी मागवून घेतात आणि संगणकावरील स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने ती ऐकू लागतात. तिसऱ्या स्लाइडवर त्यांच्या कानी पडते ते एवढेच: Picture 4. चौथ्यावर चौदा वेळा ‘बाण’, ‘रेषा’, ‘आयत’ असे शब्द येतात. सहा स्लाइडा संपतात आणि सरोवर गोल आहे की लांबट, हेही ऐकणाऱ्यास कळलेले नसते.

हे सादरीकरण नव्याने करण्याची गरज नाही. आहे त्याच फाइलमध्ये दोन गोष्टी जोडाव्या लागतात. पहिली म्हणजे प्रत्येक चित्रामागे लिहिलेला पर्यायी मजकूर. तो पडद्यावर दिसत नाही, पण स्क्रीन रीडर चित्रापाशी पोहोचला की तो वाचून दाखवतो. तो एक-दोन वाक्यांचा असावा, कारण ऐकणाऱ्यास त्यात थांबून मागे-पुढे करणे अवघड जाते. दुसरी म्हणजे प्रत्येक स्लाइडचे सविस्तर वर्णन. ते स्लाइडखालील टिपणांच्या जागेत किंवा सोबतच्या स्वतंत्र दस्तऐवजात असते. आकृती, नकाशा, आलेख यांना दोन वाक्ये पुरत नाहीत. त्यांचा विस्तार तेथे करता येतो.

या दोन्हींत काय लिहावे, हा खरा प्रश्न आहे. खामगावच्या बाजारातील कापसाचा व्यापारी परगावच्या गिऱ्हाइकाला फोनवरून माल सांगतो, तेव्हा ‘पांढराशुभ्र कापूस, मोठा ढीग’ असे सांगून थांबत नाही. धाग्याची लांबी किती, ओलावा किती, कचरा किती, हे तो सांगतो, कारण समोरच्याला त्यावरून सौदा ठरवायचा असतो. ढिगाशेजारी उभ्या असलेल्या बैलगाडीचा उल्लेख तो करत नाही. चित्राच्या वर्णनाचे सूत्र हेच आहे. चित्रात काय काय दिसते याची यादी करण्याआधी, हे चित्र या स्लाइडवर कशासाठी ठेवले आहे, हे एका वाक्यात स्वतःशी लिहून पाहावे. ते वाक्य लिहिता आले की वर्णन बहुतांशी तयार होते. ते लिहिता येत नसेल, तर चित्र केवळ शोभेचे आहे किंवा स्लाइडच अस्पष्ट आहे, असे समजावे.

चित्रांकडे वळण्यापूर्वी मजकुराची तपासणी मात्र आवश्यक आहे, आणि मराठी सादरीकरणांत पहिली अडचण येथेच निघते. जुनी कित्येक सादरीकरणे कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा टंकांत टंकलेली असतात. यांपैकी जे टंक युनिकोडचे नाहीत, त्यांत डोळ्यांना मराठी दिसते, परंतु संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो आणि ऐकणाऱ्यास निरर्थक अक्षरांची माळ ऐकू येते. याची परीक्षा सोपी आहे. एखादे वाक्य निवडून त्याचा टंक Nirmala UI असा बदलावा. मराठी मराठीच राहिली, तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. तिच्या जागी इंग्रजी अक्षरे उमटली, तर तो मजकूर परिवर्तकातून पालटून घ्यावा किंवा पुन्हा टंकावा. परिवर्तनानंतर जोडाक्षरे आणि रफार एकदा डोळ्यांखालून घालणे इष्ट, कारण चुका बहुधा तेथेच राहतात.

दुसरी तपासणी शीर्षकांची. पॉवरपॉइंटमध्ये View मधील Outline View उघडल्यास डाव्या बाजूस सर्व स्लाइडांची शीर्षके एकाखाली एक दिसतात. स्लाइडवर मोठ्या अक्षरांत ‘विवराची रचना’ लिहिलेले असूनही येथे ती ओळ रिकामी दिसली, तर शीर्षक नियोजित चौकटीत नसून सुट्या मजकूर-चौकटीत लिहिलेले आहे. ऐकणारा शीर्षकांवरूनच स्लाइड शोधतो. म्हणून प्रत्येक स्लाइडला शीर्षक हवे आणि दोन स्लाइडांचे शीर्षक एकच नसावे.

तिसरी तपासणी वाचनक्रमाची. स्लाइडवरील वस्तू ज्या क्रमाने ठेवल्या गेल्या, त्याच क्रमाने त्या वाचल्या जातात. डोळ्यांना दिसणारा क्रम तेथे उपयोगाचा नसतो. Home मधील Arrange खाली Selection Pane उघडले की वस्तूंची यादी दिसते. या यादीचे वाचन खालून वर होते, म्हणजे सर्वांत खालची वस्तू प्रथम वाचली जाते. शीर्षक तळाशी, त्यावर मजकूर, त्यावर चित्र असा क्रम लावून घ्यावा. एवढे झाले की चित्रांवर उजवी कळ दाबून View Alt Text निवडावे आणि उघडलेल्या चौकटीत पर्यायी मजकूर लिहावा.

आता लोणारच्या स्लाइडा एकेक करून पाहू. पहिल्या स्लाइडवरील मंदिराचे छायाचित्र विषयाची ओळख म्हणून आहे. त्यावर पुढे काही आधारलेले नाही. तेथे ‘लोणार गावातील दैत्यसूदन मंदिराचा दर्शनी भाग’ एवढे पुरेसे आहे. ‘याचे चित्र’, ‘याचे छायाचित्र’ अशी सुरुवात करू नये, कारण स्क्रीन रीडर ही वस्तू चित्र आहे हे स्वतःच सांगतो. शेवटच्या स्लाइडवरील फुलांची नक्षी केवळ शोभेची आहे. तिच्यासाठी काहीही लिहू नये. त्याच चौकटीतील Mark as decorative या खुणेवर टिचकी द्यावी, म्हणजे वाचन तिला ओलांडून पुढे जाते. शोभेच्या वस्तूंचेही वर्णन करण्याचा मोह टाळलेला बरा. दर स्लाइडच्या कोपऱ्यात असलेले संस्थेचे बोधचिन्ह सहा वेळा ऐकावे लागले, तर ऐकणारा कंटाळतो.

दुसरी स्लाइड नकाशाची. नकाशात तालुके, नद्या, रस्ते, रेल्वे असे पुष्कळ असते. या स्लाइडचा हेतू मात्र लोणार कोठे आहे हे सांगण्याचा आहे. तेव्हा पर्यायी मजकूर असा: ‘बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा. लोणार जिल्ह्याच्या दक्षिण भागात, बुलढाणा शहराच्या आग्नेयेस आहे.’ सविस्तर वर्णनात एक वाक्य वाढवता येईल: बुलढाण्याहून रस्त्याने हे अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे. ‘लाल ठिपक्याने दाखवलेले गाव’ असे लिहिल्याने ऐकणाऱ्यास काहीच मिळत नाही. दिशा आणि अंतर यांनी मिळते.

तिसऱ्या स्लाइडवरील आकाशातून घेतलेल्या छायाचित्राचे वर्णन लिहिताना बहुतेकांची लेखणी ‘नयनरम्य’, ‘विहंगम’ या शब्दांकडे वळते. हे शब्द पाहणाऱ्याची भावना सांगतात, पाहिलेली वस्तू सांगत नाहीत. हे छायाचित्र येथे आहे ते आकार दाखवण्यासाठी. म्हणून: ‘वरून पाहिलेले लोणार सरोवर. जवळजवळ वर्तुळाकार पाणी, त्याभोवती झाडीचा पट्टा आणि त्याबाहेर विवराचा गोल काठ.’ वर्णनाचा क्रम आतून बाहेर ठेवला आहे, आणि तो शेवटपर्यंत मोडलेला नाही. क्रम कोणताही चालेल, पण मध्येच उडी मारल्यास ऐकणाऱ्याच्या मनातील चित्र विस्कटते. विवराच्या काठापासून समोरच्या काठापर्यंतचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. हा आकडा स्लाइडवर लिहिलेला असेल, तर तो पर्यायी मजकुरात पुन्हा देऊ नये. जे अक्षरांत आहे ते स्क्रीन रीडर वाचणारच आहे.

चौथी स्लाइड सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाची. विवराचा उभा छेद चौदा आकृत्या जुळवून काढलेला आहे. प्रथम त्या सर्व निवडून त्यांचा एक गट करावा, म्हणजे चौदा वेळा ‘रेषा’, ‘बाण’ ऐकू येणार नाही, आणि पर्यायी मजकूर त्या एका गटाला द्यावा: ‘लोणार विवराचा उभा छेद: सभोवतालच्या सपाटीपेक्षा उंच काठ, आत उतरता कडा, तळाशी सरोवर. सविस्तर वर्णन टिपणांत.’ टिपणांतील वर्णन मग बाहेरून आत आणि वरून खाली अशा क्रमाने जाईल. सभोवती बेसाल्ट या काळ्या खडकाचे पठार आहे. उल्कापाताच्या आघाताने उसळलेला खडक काठावर साचल्याने काठ पठारापेक्षा सुमारे २० मीटर उंच आहे. काठाच्या आत कडा उतरत जातो आणि विवराचा तळ काठापासून सुमारे १५० मीटर खोल आहे. तळाशी खारे, अल्कधर्मी पाणी आहे. पाण्याखाली गाळाचा थर आणि त्याखाली आघाताने फुटलेला बेसाल्ट आहे.

हे वर्णन अचूक आहे, तरी एक गोष्ट त्यात राहून जाते. छेदाची आकृती कागदावर मावावी आणि थर स्पष्ट दिसावेत म्हणून उंची बहुधा ताणून काढलेली असते. त्यामुळे आकृतीत विवर विहिरीसारखे खोल भासते. प्रत्यक्षात व्यास १८०० मीटर आणि खोली १५० मीटर, म्हणजे रुंदीच्या बाराव्या हिश्शाएवढी खोली. बारा इंच रुंदीची आणि एक इंच काठाची थाळी हातात घ्यावी. लोणारच्या विवराचे प्रमाण तेच आहे. वर्णनात ‘आकृतीत उंची ताणून दाखवली आहे, खरे प्रमाण एक फूट रुंद, एक इंच खोल थाळीसारखे आहे’ असे वाक्य घातले, तर दृष्टिबाधित विद्यार्थी घरातील थाळीच्या काठावरून बोट फिरवून विवराचा आकार समजून घेईल. आकृती पाहणाऱ्यापेक्षा त्याची कल्पना अधिक खरी असेल. चांगले वर्णन स्लाइडमधील दोषही उघड करते, याचे हे उदाहरण होय.

पाचव्या स्लाइडवर दोन छायाचित्रे शेजारी आहेत. जून २०२० मध्ये सरोवराचे एरवी हिरवट असलेले पाणी गुलाबी झाले, हे त्यांतून सांगायचे आहे. दोन चित्रांना दोन स्वतंत्र वर्णने देण्यापेक्षा त्यांचा गट करून तुलनाच लिहावी: ‘लोणार सरोवराचे पाणी, दोन वेळा. डावीकडे नेहमीचे हिरवट. उजवीकडे जून २०२० मधील गुलाबी.’ जन्मतः न दिसणाऱ्यास रंगांची नावे कशाला सांगायची, असा प्रश्न काहींना पडतो. रंगांची नावे सर्वांच्याच बोलण्यात असतात. शिवाय दृष्टिबाधितांपैकी अनेकांनी पूर्वी पाहिलेले असते आणि अनेकांना अंधुक दिसतही असते. रंगाचे नाव गाळू नये. मात्र त्या रंगाचा अर्थही सोबत यावा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील संशोधकांनी हा रंग हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे सांगितले. पण हे कारण छायाचित्रात दिसत नाही, म्हणून ते पर्यायी मजकुरात नसावे. ते स्लाइडच्या मजकुरात किंवा वक्त्याच्या बोलण्यात असावे, म्हणजे डोळस आणि दृष्टिबाधित दोघांनाही ते सारखेच मिळेल.

लोणारच्या सादरीकरणात आलेख नाही. व्यापारी कुटुंबांच्या बैठकीत मात्र तो हमखास असतो. काचबिंदूने किंवा मधुमेहाने दृष्टी मंदावलेले वडीलधारे भागीदार अशा बैठकीस असतात, आणि हिशेबाला त्यांचीही संमती घ्यायची असते. उदाहरणादाखल चार तिमाहींच्या विक्रीचा स्तंभालेख घेऊ: ४२, ४५, ६१ आणि ३८ लाख रुपये. ‘निळ्या रंगाचे चार स्तंभ’ हे वर्णन निरुपयोगी आहे. आधी निष्कर्ष, मग आकडे, असा क्रम ठेवावा: ‘तिमाही विक्री, लाख रुपयांत. तिसऱ्या तिमाहीत सर्वाधिक, चौथ्यात सर्वांत कमी. पहिली ४२, दुसरी ४५, तिसरी ६१, चौथी ३८, एकूण १८६.’ चार आकडे पर्यायी मजकुरात मावतात. बारा महिन्यांचे तीन शाखांचे आकडे मावणार नाहीत. तेथे पर्यायी मजकुरात निष्कर्ष देऊन आकड्यांचा तक्ता सोबतच्या दस्तऐवजात द्यावा.

येथेही वर्णन लिहिताना एक दोष हाती लागू शकतो. उभ्या अक्षाची सुरुवात शून्याऐवजी ३० लाखांपासून केली असेल, तर ३८ लाखांचा स्तंभ ६१ लाखांच्या स्तंभाच्या जेमतेम चौथा हिस्सा उंच दिसतो. खरे पाहता ३८ हे ६१ च्या सहा दशांशाहून थोडे अधिक आहे. पडद्याकडे पाहणारे भागीदार घाबरतील. आकडे ऐकणारे वडील शांत राहतील आणि तेच बरोबर ठरतील. असा अक्ष आढळल्यास वर्णनात त्याचा उल्लेख करावा, किंवा आलेखच दुरुस्त करावा.

सर्व स्लाइडांचे वर्णन झाल्यावर ते एका साध्या वर्ड दस्तऐवजात क्रमाने उतरवावे. प्रत्येक नोंदीस ‘स्लाइड ४, एकूण ६: विवराची रचना’ असे मथळ्याच्या शैलीतील शीर्षक द्यावे, म्हणजे ऐकणारा मथळ्यावरून मथळ्यावर जाऊ शकतो. त्याखाली स्लाइडवरील मजकूर जसाच्या तसा, मग चित्राचे वर्णन. हा दस्तऐवज कार्यक्रमाच्या आधी पाठवावा. त्याची छापील प्रत स्कॅन करून पाठवू नये; तो पुन्हा चित्रच होतो आणि स्क्रीन रीडरला त्यात एक अक्षरही सापडत नाही.

दस्तऐवज पाठवला म्हणून वक्त्याची जबाबदारी संपत नाही. ‘इथे बघा’, ‘हा भाग आणि हा भाग’ या शब्दांनी ऐकणारा बाहेर पडतो. ‘काठाची उंची’, ‘उजवीकडचे गुलाबी पाणी’ असे नाव घेऊन बोलावे. स्लाइड बदलली की तिचा क्रमांक आणि शीर्षक उच्चारावे. मिनिटाला १२० शब्दांच्या संथ गतीने बोलल्यास ६० शब्दांच्या वर्णनाला अर्धे मिनिट लागते. सहा स्लाइडांसाठी तीन मिनिटे वाढतात. ती आधीच हिशेबात धरावीत. एवढा वेळ नसेल तर वर्णने घाईने वाचण्यापेक्षा एखादी स्लाइड वगळावी.

शेवटी पडताळणी. पॉवरपॉइंटमधील Review खालील Check Accessibility पर्यायी मजकूर कोठे राहिला आहे ते दाखवते, परंतु लिहिलेला मजकूर बरोबर आहे की नाही हे त्याला कळत नाही. ‘चित्र’ एवढा एकच शब्द लिहिला तरी त्याची तक्रार मिटते. म्हणून दुसरी पायरी कानांची. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो आणि मराठीही वाचतो. तो सुरू करून, पडदा झाकून, सादरीकरण पहिल्यापासून ऐकावे. सादरीकरण चालू असताना Ctrl+Shift+S या कळा दाबल्या की तो स्लाइडऐवजी टिपणे वाचू लागतो आणि पुन्हा दाबल्यावर स्लाइडकडे परततो. टिपणांतील सविस्तर वर्णने अशी तपासता येतात.

तिसरी पायरी माणसाची. सादरीकरण न पाहिलेल्या एखाद्या व्यक्तीला, शक्य असल्यास दृष्टिबाधित व्यक्तीलाच, ही वर्णने फोनवरून वाचून दाखवावीत. ‘आवडले का’ असे विचारल्यास ‘छान आहे’ हेच उत्तर येईल. त्याऐवजी नेमके विचारावे: लोणार बुलढाण्याच्या कोणत्या दिशेला? विवर रुंद अधिक की खोल, आणि किती पट? पाणी गुलाबी कोणत्या वर्षी झाले? ज्या प्रश्नाचे उत्तर अडेल, त्या स्लाइडचे वर्णन पुन्हा लिहावे. तिन्ही उत्तरे न अडखळता आली, की सादरीकरण ऐकवण्यास तयार झाले असे समजावे.